८४ गुण मोठे की ७१?

सत्र परीक्षेची गुणपत्रिका घरी आली की आपली दृष्टी प्रथम सर्वांत मोठ्या आकड्याकडे जाते आणि लगेच सर्वांत लहान आकड्यावर स्थिरावते. मोठ्याचे कौतुक होते, लहानाला शिकवणी लावली जाते. परंतु दोन विषयांचे गुण हे दोन वेगळ्या देशांच्या चलनांसारखे असतात. विनिमयाचा दर ठाऊक नसताना केवळ आकडे शेजारी ठेवून कोणती रक्कम मोठी, हे कोणताही व्यापारी ठरवणार नाही.

अकरावी वाणिज्य शाखेतील एका विद्यार्थ्याचे उदाहरण कल्पून पाहू. त्याला पुस्तपालनात ८४, अर्थशास्त्रात ७१ आणि गणितात ६२ गुण आहेत. वर्गाची सरासरी अनुक्रमे ८०, ६५ आणि ५२ आहे. सरासरी वजा करताच चित्र पालटते. पुस्तपालनात तो वर्गाच्या ४ गुण पुढे, अर्थशास्त्रात ६ आणि गणितात चक्क १० गुण पुढे आहे. म्हणजे ज्या विषयासाठी शिकवणीची चर्चा चालली होती, तोच त्याचा उत्तम विषय ठरला! पुष्कळ जण येथेच थांबतात. हिशेब मात्र अजून अर्धाच झालेला असतो.

किराणा दुकानाचा रोजचा गल्ला साधारण स्थिर असतो. सराफी पेढीवर एखादा दिवस कोरडा जातो, तर एखाद्या दिवशी लग्नाची खरेदी होते. किराणा दुकानात एके दिवशी दहा हजार रुपये जास्त आले, तर मालक कारण विचारतो. सराफाला त्यात नवल वाटत नाही. गुणांचेही तसेच आहे. सरासरीपेक्षा १० गुण अधिक असणे ही मोठी गोष्ट की सामान्य, हे त्या विषयात गुण किती पसरले आहेत त्यावर अवलंबून असते.

या पसरटपणाच्या मापाला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. ते काढण्याची रीत पाच विद्यार्थ्यांवर पाहू. त्यांचे गुण ६३, ६९, ७२, ७५ आणि ८१, सरासरी ७२. सरासरीपासूनची अंतरे उणे ९, उणे ३, शून्य, ३ आणि ९. त्यांची बेरीज शून्य येते, म्हणून प्रत्येकाचा वर्ग करावयाचा: ८१, ९, ०, ९, ८१. बेरीज १८०, पाचांनी भागून ३६ आणि त्याचे वर्गमूळ ६. या गटाचे प्रमाण विचलन ६ गुण झाले.

सरासरीपासूनच्या अंतराला प्रमाण विचलनाने भागले की झेड-गुणांक मिळतो. आपल्या उदाहरणात पुस्तपालनाचे प्रमाण विचलन ८, अर्थशास्त्राचे ४ आणि गणिताचे २० आहे असे मानू. पुस्तपालन: ४ भागिले ८, म्हणजे ०.५. अर्थशास्त्र: ६ भागिले ४, म्हणजे १.५. गणित: १० भागिले २०, म्हणजे पुन्हा ०.५. गणितात काहींना ९० तर काहींना २० गुण असल्याने तेथील १० गुणांचे अंतर किरकोळ ठरते. ८४ आणि ६२ हे गुण वर्गाच्या तुलनेत एकाच पातळीचे निघाले, आणि मधला, कोणाच्याही लक्षात न आलेला ७१ हा आकडा सर्वांत सरस ठरला.

आता या मापाच्या मर्यादा पाहू. झेड-गुणांक विद्यार्थ्याची तुलना त्या विषयाला बसलेल्यांशीच करतो. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक असते आणि ते घेणारे बहुधा त्या विषयात बरे असणारेच असतात. त्यामुळे निवडक स्पर्धकांतला ०.५ आणि सर्वांना अनिवार्य असलेल्या विषयातला ०.५ यांना समान मानणे धाडसाचे होईल. गणितातला बहुधा अधिक मोलाचा. दुसरे असे की, तोंडी परीक्षेत २० पैकी सर्वांनाच १७ ते १९ गुण दिले, तर प्रमाण विचलन एका गुणाहूनही कमी येते. मग परीक्षकाने सहज वाढवलेला एक गुण झेड-गुणांक एकाहून अधिकने उंचावतो. प्रमाण विचलन फारच लहान दिसले, तर त्या विषयाचा झेड-गुणांक बाजूला ठेवणे बरे.

'१.५ म्हणजे शंभरांत सुमारे त्र्याण्णव जणांच्या पुढे' असे कोष्टक पाठ्यपुस्तकांत असते. गुणांचा आलेख घंटेच्या आकाराचा असेल तरच ते लागू पडते. गणितात अर्धा वर्ग ७० च्या आसपास आणि उरलेला ३५ च्या आसपास असेल, तर दोन उंचवटे दिसतात आणि ते कोष्टक निरुपयोगी होते.

शिवाय संपूर्ण वर्गच कच्चा असेल, तर झेड-गुणांक चांगला असूनही विषय येत नसू शकतो. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे ३५ गुण कोणत्याही सरासरीने कमी होत नाहीत.

वर्गशिक्षकांकडून नावे वगळून प्रत्येक विषयाची गुणयादी मागावी. चाळीस विद्यार्थ्यांच्या एका विषयाचा हिशेब कागदावर अर्ध्या तासात होतो.