सोर्सखालचा एक किलोओहम

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत जेएफईटीचा प्रयोग आला की धातूची, चार पायांची एक इवलीशी टोपी हातात पडते. तिच्यावर बीएफडब्ल्यू ११ असं छापलेलं असतं. तीन पाय कामाचे असतात: ड्रेन, सोर्स आणि गेट. चौथा पाय टोपीच्या पत्र्याला जोडलेला असतो, तो जमिनीला लावायचा. आपण या टोपीतून एक साधं काम करून घेणार आहोत. सतारीच्या ब्रिजखाली चिकटवलेल्या पिझो चकतीचा क्षीण सिग्नल थोडा मोठा करायचा आहे. पिझोला जोडलेलं यंत्र तिच्याकडून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नसलं पाहिजे, नाहीतर खर्जाचे सूर मरतात. जेएफईटीचं गेट असा प्रवाह ओढत नाही, म्हणून ते इथे शोभतं.

खरा प्रश्न पुढेच येतो. सिग्नल यायच्या आधी, शांत अवस्थेत, या टोपीतून किती प्रवाह वाहू द्यायचा? आणि तो ठरवायचा कसा?

जेएफईटीचा स्वभाव नेहमीच्या ट्रान्झिस्टरच्या उलट असतो. नेहमीच्या ट्रान्झिस्टरला काही दिलं नाही तर तो बंद राहतो. जेएफईटीला काही दिलं नाही तर तो सताड उघडा असतो. गेट आणि सोर्स एकमेकांना जोडले, म्हणजे त्यांच्यातलं व्होल्टेज शून्य केलं, की त्यातून भरपूर प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाला आयडीएसएस म्हणतात. गेट सोर्सपेक्षा ऋण करत नेलं की आतली वाट दोन्ही बाजूंनी आवळत जाते आणि एका ठरावीक ऋण व्होल्टेजला ती जवळपास मिटते. ते पिंच-ऑफ व्होल्टेज. या दोन टोकांमधली चाल एका वर्गसमीकरणात बसते:

```
ID = IDSS × (1 − VGS/VP)²
```

हे समीकरण सर्रास शॉकलींच्या नावावर खपतं. विल्यम शॉकलींनी १९५२ मध्ये या साधनाचा सिद्धान्त मांडला हे खरं, पण त्यांच्या मूळ गणितातून निघालेलं सूत्र यापेक्षा किचकट होतं. वर्गाचं रूप हे त्याच्या बरंच जवळ जाणारं सोयीचं रूप आहे. हिशेबाला पुरतं, म्हणून सगळे तेच वापरतात.

आपल्या हातातली टोपी मोजून घेतली आणि आयडीएसएस ६ मिलिॲम्पिअर, पिंच-ऑफ उणे ३ व्होल्ट निघालं असं धरू. मोजायचं कसं ते पुढे सांगतो. प्रवाह किती हवा? गेटवरचा सिग्नल वरखाली होणार. वर जाताना गेट सोर्सच्या फार पुढे धन होता कामा नये, नाहीतर गेटमधूनच प्रवाह सुरू होईल. खाली जाताना पिंच-ऑफपर्यंत पोचता कामा नये. तेव्हा मधोमध बसावं, उणे दीड व्होल्टवर. समीकरणात घातलं तर कंसात अर्धा उरतो, त्याचा वर्ग पाव. म्हणजे प्रवाह ६ चा पाव, १.५ मिलिॲम्पिअर. अर्ध्या व्होल्टेजला अर्धा नव्हे, पाव प्रवाह, हे सुरुवातीला पुष्कळांना चकवतं.

आता हे उणे दीड व्होल्ट आणायचे कुठून? आपल्याकडे १२ व्होल्टचा एकच पुरवठा आहे. गेटसाठी वेगळी बॅटरी लावणं कुणालाच नको असतं. त्यावरचा उपाय जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्येही होता, तिथे कॅथोडखाली रेझिस्टर असे. गेट खाली नेण्याऐवजी सोर्स वर उचलायचा. गेट एका मोठ्या रेझिस्टरने, समजा १ मेगओहमने, जमिनीला बांधायचं. त्यातून प्रवाह जवळपास वाहतच नाही, म्हणून गेट शून्यावर राहतं. सोर्स आणि जमीन यांच्यामध्ये एक रेझिस्टर घालायचा. टोपीतून जाणारा १.५ मिलिॲम्पिअर त्यातून उतरताना त्याच्यावर दीड व्होल्ट पडले की सोर्स दीड व्होल्ट वर आणि गेट त्याच्या तुलनेत दीड व्होल्ट खाली. दीड व्होल्ट भागिले १.५ मिलिॲम्पिअर, म्हणजे बरोबर १ किलोओहम. प्रवाहानेच स्वतःचा बायस तयार केला, म्हणून हा सेल्फ-बायस.

हा रेझिस्टर नुसता बायस देऊन थांबत नाही, तो राखणही करतो. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी चढलं की आपणच नळ आवळतो, तसंच इथे होतं. प्रवाह वाढला की सोर्स वर चढतो, गेट तुलनेने आणखी ऋण होतं आणि वाट आवळली जाते.

राखण का लागते, हे डेटाशीट उघडल्यावर कळतं. बीएफडब्ल्यू ११ चं आयडीएसएस ४ ते १० मिलिॲम्पिअरच्या दरम्यान कुठेही असू शकतं. पिंच-ऑफसाठी निर्माता फक्त वरची मर्यादा सांगतो, ६ व्होल्ट. एकाच डबीतल्या दोन टोप्यांमध्ये दुपटीहून जास्त फरक असणं हे अगदी नियमात बसतं. आपल्या टोपीशेजारी दुसरी ठेवू, आयडीएसएस १० मिलिॲम्पिअर आणि पिंच-ऑफ उणे ५ व्होल्ट. गेटला वेगळ्या बॅटरीने ठाम उणे दीड व्होल्ट दिले असते, तर पहिलीतून १.५ आणि दुसरीतून ४.९ मिलिॲम्पिअर वाहिले असते, तिपटीहून जास्त. आता १ किलोओहमवर दुसरी काय करते ते बघू. मिलिॲम्पिअरमधल्या प्रवाहाला x म्हटलं तर सोर्स x व्होल्ट वर जातो, म्हणून

```
x = 10 × (1 − x/5)²
0.4x² − 5x + 10 = 0
x = 2.5  किंवा  x = 10
```

दोन उत्तरं आली. त्यातलं १० खोटं आहे. दहा मिलिॲम्पिअर वाहिले तर सोर्स १० व्होल्टवर असेल, म्हणजे गेट उणे १०, आणि ही टोपी उणे ५ लाच मिटते. मिटलेल्या वाटेतून दहा मिलिॲम्पिअर कसे जातील? वर्ग केल्यावर ऋण चिन्ह गिळलं जातं आणि हे भूत उभं राहतं. परीक्षेत ते पुष्कळांच्या वहीत उतरतं, म्हणून उत्तर काढलं की गेटचं व्होल्टेज पिंच-ऑफच्या अलीकडे आहे ना हे एकदा तपासावं. खरं उत्तर २.५. तिप्पट फरक दीडपटीच्या थोडा वर आला. तो पुसला गेला नाही, पण आवाक्यात आला.

आता ड्रेनच्या बाजूला जाऊ, कारण गडबड बहुधा तिथेच होते. वर्गसमीकरण खरं ठरायला ड्रेनवर पुरेसं व्होल्टेज लागतं. गेट जमिनीला असेल तर नियम सोपा आहे: जमिनीपासून मोजलेलं ड्रेनचं व्होल्टेज पिंच-ऑफच्या आकड्याखाली जाता कामा नये. पहिल्या टोपीसाठी ही मर्यादा ३ व्होल्ट. तेव्हा ड्रेनने ३ आणि १२ च्या मध्ये, साडेसातच्या आसपास, बसावं. वरच्या रेझिस्टरवर साडेचार व्होल्ट पाडायचे, म्हणजे ३ किलोओहम. दुकानात सहज मिळतो तो ३.३ घेतला तर ड्रेन ७ व्होल्टच्या जवळ बसतो. झकास.

याच सर्किटमध्ये दुसरी टोपी खोचली की काय होतं? समीकरण २.५ मिलिॲम्पिअर म्हणतं. ३.३ किलोओहमवर त्याचे सव्वाआठ व्होल्ट पडतात आणि ड्रेन पावणेचारवर येतो. तिची मर्यादा मात्र ५ व्होल्ट आहे. म्हणजे समीकरणाचीच अट मोडली. प्रत्यक्षात प्रवाह २.४ च्या आसपास अडकतो, ड्रेन आणि सोर्समध्ये जेमतेम पावणेदोन व्होल्ट उरतात आणि टोपी ॲम्प्लिफायर न राहता साध्या रेझिस्टरसारखी वागू लागते. आवाज बारीक आणि चिरका येतो, आणि माणूस पिझोला दोष देत बसतो. ओळखायला मल्टिमीटर पुरतो. ड्रेन आणि सोर्समधलं व्होल्टेज एक-दोन व्होल्टवर आलं असेल तर आधी टोपी बदलून बघावी किंवा ड्रेनचा रेझिस्टर कमी करावा.

कुठलीही टोपी चालावी असं वाटत असेल तर हिशेब अशा अवघड टोपीवरून करायचा. २.२ किलोओहम घेतला तर दुसरीचा ड्रेन साडेसहा व्होल्टवर येतो, मर्यादेच्या दीड व्होल्ट वर. किंमत मोजावी लागते ती आवाजवाढीत. १.५ मिलिॲम्पिअरवर पहिली टोपी गेटच्या दर व्होल्टमागे २ मिलिॲम्पिअर हलवते. त्यामुळे ३.३ किलोओहमवर ६.६ पट वाढ मिळते, २.२ वर ४.४ पट.

हे आकडे खरे ठरायला सोर्सच्या रेझिस्टरला समांतर एक कपॅसिटर लागतो. राखण करणारा रेझिस्टर प्रवाहाची चोरटी वाढ आणि सिग्नल यांच्यात भेद करत नाही, दोन्ही दाबतो. कपॅसिटर नसेल तर ६.६ पटीची २.२ पट होते. ४७ मायक्रोफॅरडचा लावला तर १० हर्ट्झच्या वरचा सिग्नल मोकळा सुटतो आणि बायस जागच्या जागी राहतो. माझं मत विचाराल तर सतारीला कपॅसिटर लावू नये. वर्गसमीकरण सिग्नलमध्ये दुप्पट कंप्रतेचा सूर मिसळतं. गेटवर ०.१ व्होल्टचं शिखर आलं तर ही भेसळ कपॅसिटरसह दीड टक्क्याच्या थोडी वर जाते. जोरकस मिझराबीला पिझो याहून कितीतरी जास्त व्होल्टेज देते. दुप्पट वाढ आणि स्वच्छ सूर पुरेसे आहेत, उरलेली वाढ पुढचा मिक्सर करील.

कपॅसिटर लावलाच आणि तो शॉर्ट झाला तर त्याची खूण स्पष्ट असते. सोर्स शून्य व्होल्टवर आणि ड्रेनही अगदी खाली बसलेला, कारण राखण गेली आणि टोपी सताड उघडली. सोर्स शून्यावर पण ड्रेन पूर्ण १२ वर असेल तर प्रवाहच वाहत नाही, तेव्हा पाय चुकलेत का ते बघावं.

राहिलं मोजमाप. आयडीएसएससाठी गेट आणि सोर्स जोडून जमिनीला लावायचे आणि ड्रेन मिलिॲम्पिअर-मीटरमधून १२ व्होल्टला. आकडा लगेच टिपावा, टोपी तापली की तो उतरतो. पिंच-ऑफसाठी गेट जमिनीला, ड्रेन १२ व्होल्टला आणि सोर्स व जमीन यांच्यामध्ये नुसता डिजिटल व्होल्टमीटर, बाकी काही नाही. बहुतेक मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो आणि तोच इथे सोर्सचा रेझिस्टर बनतो. प्रवाह मायक्रोॲम्पिअरच्याही खाली जातो, टोपी जवळजवळ मिटते आणि मीटर पिंच-ऑफचा आकडा धन चिन्हाने दाखवतो. आपल्या पहिल्या टोपीत ही चूक एक टक्काही भरत नाही. डबीतल्या प्रत्येक टोपीला हे दोन आकडे लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि पिंच-ऑफ ३ व्होल्टच्या आतल्या या कामासाठी वेगळ्या काढाव्यात.