एक धागा सलग, दुसरा तुकड्यांत

1960च्या दशकात जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे शास्त्रज्ञ जोडपं एका कोड्यामागे लागलं होतं. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती गुंफलेले असतात आणि पेशी दुभंगण्याआधी दोन्हींची नक्कल होते, हे तोवर ठाऊक झालं होतं. पण हे दोन धागे उलट-सुलट असतात. एकाचं डोकं जिथे, तिथे दुसऱ्याची शेपटी. आणि नक्कल करणारं प्रथिन, पॉलिमरेज, नवं अक्षर फक्त शेपटीकडच्या टोकालाच जोडू शकतं. मग दोन्ही धाग्यांची नक्कल एकाच वेळी पुढे कशी सरकते?

आपल्या पेशीच्या केंद्रकात काय घडतं ते आधी पाहू. हेलिकेज हे सहा भागांचं कडं असतं. ते एका धाग्याभोवती बसून पुढे सरकतं आणि पिशवीची चेन उघडावी तसे दोन धागे वेगळे करत जातं. माणसाच्या पेशीत त्याचा वेग सेकंदाला साधारण 30 ते 50 अक्षरं असतो. उघडे पडलेले धागे पुन्हा चिकटू नयेत म्हणून दुसरी प्रथिनं त्यांना लगेच बिलगतात.

आता पॉलिमरेजची एक मोठी अडचण. त्याला कोऱ्या धाग्यावर पहिलं अक्षर मांडता येत नाही, आधीच्या अक्षराला पुढचं जोडता येतं, एवढंच. ही सुरुवात प्रायमेज करून देतं. ते साधारण 10 अक्षरांचा आरएनएचा छोटा तुकडा मांडतं आणि त्याला धरून पॉलिमरेज पुढे लिहू लागतं. ज्या धाग्यावर लिहिण्याची दिशा आणि हेलिकेजची दिशा एकच असते, तिथे एकदा सुरुवात झाली की काम सलग चालतं.

दुसऱ्या धाग्यावर मात्र पॉलिमरेजला हेलिकेजकडे पाठ करून लिहावं लागतं. म्हणून हेलिकेजने थोडा पल्ला उघडेपर्यंत थांबायचं, प्रायमेजने नवी सुरुवात मांडायची, पॉलिमरेजने मागे लिहीत जाऊन आधीचा तुकडा गाठायचा आणि पुन्हा पुढच्या जागेपासून हेच. यालाच लॅगिंग, म्हणजे मागे रेंगाळणारा धागा म्हणतात. आपल्या पेशीत असा एकेक तुकडा 100 ते 200 अक्षरांचा असतो. म्हणजे दर काही सेकंदांनी नवी सुरुवात!

उलट दिशेनेही लिहू शकणारं पॉलिमरेज का नाही, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मला या साऱ्या रचनेतलं सर्वांत सुंदर वाटतं. अक्षर जोडायला लागणारी ऊर्जा ते येणारं अक्षर स्वतःच घेऊन येतं. त्यामुळे चुकीचं अक्षर खोडलं, तरी पुढचं अक्षर आपल्या ऊर्जेसह येऊन बसतं. उलट दिशेने लिहिताना ती ऊर्जा धाग्याच्या टोकावर साठवावी लागली असती. टोकाचं अक्षर खोडताच तीही गेली असती आणि लेखन तिथेच अडलं असतं. चूक दुरुस्त करता यावी, याची किंमत म्हणजे हे तुकडे.

ओकाझाकींनी ते पकडले कसे? त्यांनी ई. कोलाय जिवाणू 20 अंश सेल्सिअसला वाढवले, म्हणजे काम मंदावेल. मग अगदी काही सेकंदांपुरतं त्यांना किरणोत्सारी थायमिडिन दिलं. त्या क्षणी लिहिला जात असलेला डीएनए तेवढा खुणेचा झाला. तो साखरेच्या द्रावणात जोरात फिरवला की लांब धागे तळाकडे जातात, आखूड वर राहतात. काही सेकंदांची खूण आखूड तुकड्यांत सापडली. जास्त वेळ दिला, तर ती लांब धाग्यांत गेली. म्हणजे तुकडे आधी तयार होत होते आणि मग जोडले जात होते. (जिवाणूंत ते 1000 ते 2000 अक्षरांचे असतात.) जोडणारं लायगेज उष्णतेने निकामी होणारा एक विषाणू घेऊन पाहिलं, तेव्हा तुकडे साचूनच राहिले. हे निष्कर्ष 1968 साली प्रसिद्ध झाले.

जोडणीचंही एक तंत्र आहे. मागून येणारं पॉलिमरेज पुढच्या तुकड्याची आरएनएची सुरुवात सालीसारखी उचलतं, एक प्रथिन ती कापून टाकतं आणि उरलेली फट लायगेज सांधतं. माणसाची एक पेशी दुभंगण्याआधी असे तीन ते पाच कोटी सांधे जोडले जातात. गुणसूत्राच्या अगदी टोकाला मात्र शेवटची आरएनए-सुरुवात काढल्यावर ती जागा भरता येत नाही. म्हणून आपल्या बहुतेक पेशींत दर विभाजनाला ही टोकं थोडी आखूड होतात.

रेइजी मूळचे हिरोशिमाचे. बॉम्ब पडला तेव्हा किरणोत्साराशी त्यांचा संपर्क आला होता. 1975 साली, वयाच्या 44व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. तुकड्यांची सुरुवात आरएनएनेच होते, हे पक्कं करण्याचं काम त्सुनेको यांनी त्यानंतर पुढे नेलं. त्या तुकड्यांना आज जगभर ‘ओकाझाकी तुकडे’ म्हणतात. त्या नावात हे दोघेही आहेत.