मांजर बूड घासतंय, शेपटीखाली चाटतंय? जंतच असतील असं नाही. शेपटीखालच्या पिशव्या तपासून घ्या

मांजर ओट्यावर बसल्या बसल्या बूड घासत पुढं सरकू लागलं की घरातली जाणती माणसं लगेच सांगतात, "जंत झाल्यात." बऱ्याच वेळा ते खरंही असतं. पण दरवेळी जंतच असतात असं नाही. शेपटीखालच्या दोन छोट्या पिशव्या तुंबल्या तरी मांजर असंच करतं आणि जंताच्या गोळीनं ते बरं होत नाही.

मांजराची शेपटी वर उचलून मागून बघितलं, तर गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली वाटाण्याएवढी एक-एक पिशवी असते. घड्याळात चार आणि आठ वाजता काटा जिथं असतो, साधारण तीच जागा. या पिशव्यांत उग्र वासाचा पातळ रस तयार होतो. मांजर घट्ट शी करतं तेव्हा दाब पडून तो रस आपोआप बाहेर येतो.

शी सतत पातळ होत असेल तर हा दाब पडत नाही. गावाकडं मांजराला दूध-भाकरी घालायची पद्धत आहे, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. अंगानं फार जाड झालेल्या मांजरांतही पिशव्या नीट रिकाम्या होत नाहीत. मग रस आत साठतो, घट्ट होतो आणि त्याचं तोंड बुजतं. पुढं त्यात जंतूसंसर्ग झाला की पू धरतो आणि गळू होतं.

एका घरात असं घडलं

एका शेतकरी कुटुंबातली पाच वर्षांची मांजरी सारखी शेपटीखाली चाटू लागली. कुत्र्यासारखं बूड घासणं मांजरांत कमी दिसतं, चाटणंच जास्त असतं, म्हणून पहिले तीन-चार दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही. घरच्यांनी जंताची गोळी दिली, फरक पडला नाही. पाचव्या दिवशी उजव्या बाजूला बोराएवढी लाल सूज आली. मांजरी शेपटीला हात लावू देईना, खाणंही सोडलं. दुसऱ्या दिवशी सूज फुटली आणि रक्तमिश्रित पू आला.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी मांजरीला गुंगीचं इंजेक्शन देऊन जखम आतून धुतली, दुसरी पिशवी दाबून रिकामी केली, जंतू मारणारं आणि दुखणं कमी करणारं औषध दिलं. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा पट्टा घातला. दूध बंद केलं. दोन आठवड्यांत जखम भरली. हाच त्रास वारंवार होत राहिला, तर ऑपरेशन करून पिशव्या काढतात.

कसं ओळखायचं?

गुदद्वाराजवळ किंवा शेपटीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमी. शेपटीच्या बुडाशी पाठीवरचे केस गेलेत आणि केसांत काळी बारीक भुकटी दिसते, तर पिसवा. ही भुकटी ओल्या कापसावर लाल पसरली की खात्री झाली. बोक्याच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला गळू असेल, तर बहुतेक भांडणातला चावा. आणि चार-आठच्या जागी एका बाजूला सूज, कुजक्या माशासारखा वास, शी करताना ओरडणं असेल, तर तुंबलेली पिशवी समजावी.

एक गोष्ट मात्र वेगळी. बोका सारखा मुतायला बसतोय, मूत्र येत नाही आणि खालची जागा चाटतोय, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. यात एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरी काय करायचं, काय नाही

सुजलेली पिशवी घरी दाबू नये. ती आतल्या आत फुटते आणि पू आजूबाजूला पसरतो. डॉक्टरकडं जाईपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा पाच मिनिटं सुजेवर धरावा, तोही मांजर धरू देत असेल तरच.

माणसाची तापाची किंवा दुखण्याची गोळी अजिबात देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. जनावरांचं गोचीड मारायचं औषध मांजराला लावू नये, तेही विषारी ठरतं. जखमेवर फिनेल किंवा डेटॉल ओतू नये, मांजर ते चाटून पोटात घेतं.

दुखऱ्या जागी हात लावल्यावर गरीब मांजरही चावतं. म्हणून त्याला जाड टॉवेलात गुंडाळून, झाकणाच्या टोपलीत घालून न्यावं. चावलंच, तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.