चहा ‘लागतो’, पोळ्या ‘पाहिजेत’

दुकानाच्या दारावर पाटी असते: ‘कामासाठी मुलगा पाहिजे’. शेजारच्या दुकानावर ‘मुली पाहिजेत’. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘शिक्षक पाहिजेत’ असं वाचत आपण मोठे झालो. मुलगा एक, म्हणून ‘पाहिजे’. मुली अनेक, म्हणून ‘पाहिजेत’. कोणाला पाहिजे, हे पाटीवर लिहिलेलंच नसतं, आणि ते लिहिलं तरी क्रियापद बदलत नाही. ‘मालकाला मुली पाहिजेत’ आणि ‘आम्हाला मुलगा पाहिजे’. मालक एक आहे की आम्ही चौघं आहोत, याच्याशी ‘पाहिजे’ला काही देणंघेणं नाही.

‘लागणे’चंही तसंच आहे. एखादी बाई म्हणते, “मी सकाळी चहा पिते.” तीच बाई पुढच्या वाक्यात म्हणते, “मला उठल्याउठल्या चहा लागतो.” बाई तीच, चहा तोच, पण ‘पिते’ स्त्रीलिंगी आणि ‘लागतो’ पुल्लिंगी. तिच्या नवऱ्याला साखर ‘लागते’, मुलाला दूध ‘लागतं’, सासऱ्यांना जेवताना दोन पोळ्या ‘लागतात’. घरातली माणसं बाजूला ठेवून फक्त ताटातले पदार्थ पाहिले, तरी क्रियापदाचं रूप अचूक सांगता येतं.

यामागचा नियम एका ओळीचा आहे: मराठी क्रियापद विभक्तीचा प्रत्यय नसलेल्या नामाशी जुळतं. ‘मी चहा पिते’मध्ये ‘मी’ प्रथमेत आहे, म्हणून क्रियापद बोलणारीकडे वळलं. ‘मला’ म्हटलं की माणूस चतुर्थीत गेला, ‘ला’ प्रत्ययाआड झाला. मग वाक्यात मोकळं उरतं ते ‘चहा’, आणि क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. माणूस स्वतःच त्या मोकळ्या जागी आला तर हे फार छान दिसतं. वैतागलेली आई मुलाला म्हणते, “तुला प्रत्येक कामाला मी लागते!” वडील हेच वाक्य ‘मी लागतो’ असं म्हणतील. इथे ‘तुला’ चतुर्थीत आणि ‘मी’ मोकळी आहे, म्हणून चहाच्या वाक्यात न दिसलेलं आईचं स्त्रीलिंग आता क्रियापदात उमटलं. तसंच ‘मला तू पाहिजेस’. त्यातला शेवटचा ‘स’ ज्याची गरज आहे त्या ‘तू’चा आहे.

मग ‘चहा लागतो’, ‘साखर लागते’ असं लिंगाप्रमाणे बदलतं, तर ‘चहा पाहिजे’ आणि ‘साखर पाहिजे’ सारखंच का? याचं उत्तर या शब्दांच्या घडणीत आहे. ‘लागतो’ हे रूप ‘लागत’ या कृदंतापासून बनलं आहे. कृदंत विशेषणासारखं वागतं, म्हणून त्याला लिंग आहे. ‘पाहिजे’ हे मात्र ‘पाहणे’ या धातूचं जुनं कर्मणी रूप आहे. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत ‘कीजे’ म्हणजे केलं जातं, ‘म्हणिजे’ म्हणजे म्हटलं जातं. आपला रोजचा ‘म्हणजे’ त्यातूनच आला. त्याच साच्यातलं ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहिलं जातं’ असं होतं, आणि पुढे त्याला गरजेचा अर्थ आला. गुजरातीतही ‘जोवुं’ म्हणजे पाहणे आणि ‘जोईए’ म्हणजे पाहिजे. या जुन्या रूपांत पुरुष आणि वचन दिसतं, लिंग दिसत नाही. म्हणून ‘पाहिजे, पाहिजेस, पाहिजेत’ एवढ्यावरच काम भागतं. लिंग दाखवायचंच असेल तर ‘हवा, हवी, हवं’ आहेच. भूतकाळात मात्र ‘पाहिजे’ला सोबत मिळते, आणि ती सोबत लिंग सांगते: आंबा पाहिजे होता, चिंच पाहिजे होती, लिंबू पाहिजे होतं.

एखादं काम करणं भाग असतं, तिथे हा नियम अधिक रंगतो. ‘मला पोळी करावी लागते’, ‘मला पोळ्या कराव्या लागतात’, ‘मला कपडे धुवावे लागतात’, ‘मला भांडी घासावी लागतात’. या वाक्यांत दोन्ही क्रियापदं मिळून नामाशी जुळतात. मराठी शिकणारे लोक नेमके इथे अडतात. ‘मला पोळ्या करावं लागतं’ असं ते म्हणतात, कारण ‘मला जावं लागतं’ हे वाक्य त्यांनी आधी पाठ केलेलं असतं. पण ‘जाणे’ला कर्मच नाही. जुळायला मोकळं नाम मिळालं नाही, की मराठी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनावर येऊन थांबतं.

कर्मालाही प्रत्यय लागला तर काय होतं, हेही पाहू. ‘मला मुलीला शाळेत सोडावं लागतं.’ मुलगी स्त्रीलिंगी, तरी ‘सोडावी लागते’ नाही. आईला ‘ला’, मुलीला ‘ला’. दोघीही प्रत्ययाआड, म्हणून ‘सोडावं लागतं’. शाळेत शिकलेला भावे प्रयोग आठवत असेल तर तोच हा न्याय.

‘पाहिजे’ने कर्तव्य सांगताना माणसापुढे दोन वाटा असतात. ‘त्याला अभ्यास करायला पाहिजे’ ही चतुर्थीची वाट. ‘त्याने अभ्यास केला पाहिजे’ ही तृतीयेची. दोन्ही वाटांवर त्याच्यावर प्रत्यय आहेच, म्हणून ‘केला’ हे अभ्यासाशी जुळतं. कविता असती तर ‘पाठ केली पाहिजे’, कविता अनेक असत्या तर ‘पाठ केल्या पाहिजेत’. समोरच्याला सांगताना मात्र आपण म्हणतो, “तू अभ्यास केला पाहिजेस.” ‘केला’ अभ्यासाचा, ‘पाहिजेस’मधला ‘स’ तुझा. एकाच क्रियापदाने दोघांचा मान राखला. ‘तुला’ म्हटलं की तो ‘स’ जातो: “तुला अभ्यास करायला पाहिजे.” मला ही मराठीतल्या सर्वांत देखण्या रचनांपैकी एक वाटते.

एक शंका उरते. ‘आजीला चष्मा पाहिजे’ या वाक्याचा कर्ता कोण? शाळेत कर्ता शोधायला ‘णारा कोण?’ असं विचारायला शिकवतात. ‘मला चहा लागतो’ला ‘लागणारा कोण?’ विचारलं तर उत्तर येतं, चहा. त्याच न्यायाने इथे चष्मा. पण ‘आजीला आपला चष्मा पाहिजे’ असं म्हणा. ‘आपला’ हा शब्द सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो, आणि इथे तो आजीकडे दाखवतो. ‘घरी जाऊन त्याला भूक लागली’ यात घरी जाणारा ‘तो’च, भूक काही घरी गेली नाही. म्हणजे रूप वस्तूकडे, पण वाक्याची सूत्रं माणसाच्या हाती. चतुर्थीतल्या माणसाला निव्वळ संप्रदान म्हणून सोडून दिलं तर ही अर्धी बाजू सुटते, असं माझं स्पष्ट मत आहे. कन्नडमधलं ‘ननगे बेकु’, हिंदीतलं ‘मुझे चाहिए’ अशी वाक्यं भारतभर पसरलेली आहेत, आणि भाषाभ्यासक तिथल्या माणसाला चतुर्थीतला कर्ता म्हणूनच तपासतात.

बोलताना ‘दोन पुस्तकं पाहिजे’ असं सर्रास ऐकू येतं. लिहिताना ‘पाहिजेत’मधला ‘त’ जपावा. आणि नव्याने मराठी शिकणारी शेजारीण ‘मला चहा लागते’ म्हणाली, तर लगेच हिंदीवर जाऊ नका. तिला एवढंच सांगा, की चहा ‘तो’ आहे, साखर ‘ती’ आणि दूध ‘ते’. पुढची वाक्यं ती स्वतः जुळवेल.