सराव मुलाखतीची विनंती कशी करावी?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसचे मोठे संकुल असल्याने कल्याण-डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला तेथे नोकरी करणारा ज्येष्ठ अभियंता ओळखीतून बहुधा सापडतो. मात्र ‘सर, मार्गदर्शन करा’ एवढ्याच संदेशाला काय उत्तर द्यावे, हे त्यालाही कळत नाही. या कंपनीच्या भरतीत आधी एनक्यूटी ही संगणकावरील पात्रता परीक्षा होते आणि पुढे तांत्रिक, व्यवस्थापकीय व मनुष्यबळ या तिन्ही फेऱ्या पुष्कळदा एकाच बैठकीत उरकल्या जात असल्याने, कोणता टप्पा उरला आहे हे पहिल्याच वाक्यात यावे. उदाहरणार्थ : ‘सर, एनक्यूटी झाली, मुलाखत १८ तारखेला आहे. जावा, एसक्यूएल येते. प्रकल्पावर उलटे प्रश्न आले की अडखळतो. रविवारी सकाळी ४० मिनिटे फोनवर सराव मुलाखत घ्याल का? रेझ्युमे जोडला आहे.’ सराव मुलाखत म्हणजे वेळ लावून घेतलेली रंगीत तालीम; तीत अडखळण्याची जागा आधीच सांगितलेली असल्यास ज्येष्ठाला नेमके तेथेच खोदता येते. प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न मागू नयेत, कारण मुलाखत घेणाऱ्यावर गोपनीयतेचे बंधन असू शकते; आणि त्याच संदेशात शिफारसही मागितली, तर मूळ विनंती निमित्तापुरती वाटते.