घाण्याचं करडईचं तेल उन्हाळ्यात खवट का होतं? डब्यात ठेवावं की बाटलीत?

परभणी : करडईची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली की आपल्याकडे घाण्यावर नंबर लागतात. घरची करडई गाळून 15 किलोचा डबा भरून आणायचा आणि तो पावसाळ्यापर्यंत पुरवायचा, ही जुनी पद्धत. पण मे महिना संपता संपता बऱ्याच घरी तेलाला खवट वास सुटतो. मग दोष घाण्यावाल्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा साठवणुकीत असतं.

करडईच्या तेलाचा स्वभावच तसा आहे. हवेतला ऑक्सिजन हे तेल फार लवकर धरतं. पूर्वी रंग आणि रोगण करायला करडईचं तेल वापरत, कारण हवा लागली की ते सुकून चिकट थर धरतं. बाटलीच्या तोंडाला जो चिकट डिंकासारखा थर बसतो, तो हाच. पामतेल या बाबतीत जास्त टिकाऊ, शेंगदाण्याचं मधलं, करडई आणि सूर्यफूल नाजूक.

आता 15 किलोच्या डब्याचा हिशोब पाहू. पाच माणसांच्या घराला महिन्याला अडीच किलो तेल लागतं असं धरलं, तर डबा सहा महिने पुरतो. तीन महिन्यांनी तो अर्धा रिकामा होतो, म्हणजे अर्ध्या डब्यात हवा भरते. रोज झाकण उघडलं की ताजी हवा आत जाते. त्यात डबा पत्र्याच्या खोलीत चुलीजवळ असेल तर आणखी वाईट. उष्णता साधारण 10 अंशांनी वाढली की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. डब्याला आतून गंज असेल तर लोखंडामुळे हे काम अजून लवकर होतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात तर तेल ठेवूच नये.

म्हणून तेल आणल्यावर आधी तीन-चार दिवस न हलवता निवू द्या. तळाशी गाळ बसतो, त्यात ओल असते. वरचं स्वच्छ तेल पातळ कापडातून गाळून लिटरच्या बाटल्यांत भरा. 15 किलो म्हणजे साधारण 16 लिटर, तेवढ्या बाटल्या लागतील. गडद रंगाची काचेची बाटली सर्वात चांगली, नाहीतर घट्ट झाकणाची स्टीलची बरणी चालते. बाटली गरम पाणी आणि साबणाने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. तेल गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहू देऊ नका. स्वयंपाकघरात एकच बाटली ठेवा, बाकीच्या आतल्या अंधाऱ्या, थंड खोलीत. संपत आलेल्या जुन्या तेलात नवं तेल कधीच ओतू नका. जुन्यातला खवटपणा नव्याला लगेच लागतो.

याहून सोपा उपाय म्हणजे तेल साठवण्यापेक्षा करडईच साठवा. दाण्याच्या कडक टरफलात तेल सुरक्षित राहतं. घाण्यावर शेकडा 25 किलो उतारा धरला तर 15 किलो तेलाला 60 किलो करडई लागते. ती एकदम गाळू नका. 30 किलो आता गाळा, साडेसात किलो तेल तीन महिने पुरेल. उरलेली 30 किलो चांगली वाळवून कोरड्या जागी ठेवा आणि नंतर गाळा. फुटलेला, भिजलेला दाणा मात्र निवडून काढा. तो टिकत नाही.

तळणाचं काय? तेल ज्या उष्णतेला धूर सोडायला लागतं, तो त्याचा धूरबिंदू. भजी, पुरीला 170 ते 180 अंश उष्णता लागते. रिफाइंड तेलाचा धूरबिंदू साधारण 220 अंशांच्या पुढे असतो. घाण्याच्या तेलात गाळाचे कण आणि मोकळी आम्लं असतात, म्हणून ते बरंच आधी धूर सोडतं. ते फोडणीला आणि कच्चं खायला उत्तम. चटणीवर, भाकरीसोबत घ्या. मोठं तळण असेल तर रिफाइंड शेंगदाणा वापरा. एकदा तळलेल्या तेलाचा धूरबिंदू खाली येतो, ते बाटलीतल्या चांगल्या तेलात परत ओतू नये.

तेल ओळखायचं कसं? दोन थेंब तळहातावर घेऊन जोरात चोळा आणि वास घ्या. ताज्या तेलाला करडईचा वास येतो. जुन्या रंगासारखा किंवा खवट वास आला, जिभेवर कडवट लागलं, की ते पोटात घालू नका. उकळून किंवा कांदा तळून फक्त वास झाकला जातो, तेल सुधारत नाही. असं तेल दिव्याला किंवा बैलगाडीच्या आसाला वापरा.