सोन्याच्या रोख्यावरची सूट: ती का मिळते आणि हाती किती लागते?

सार्वभौम सुवर्ण रोख्याचे, म्हणजे एसजीबीचे, एक युनिट म्हणजे एक ग्रॅम सोने. मुदत संपली की त्या दिवसांतल्या सोन्याच्या भावाइतकी रक्कम द्यायची हमी भारत सरकारने दिलेली असते, शिवाय वर्षाला अडीच टक्के व्याजही मिळते. असे असूनही हाच रोखा शेअर बाजारात अनेकदा सोन्याच्या भावापेक्षा तीन-चार टक्के, तर कधी त्याहूनही स्वस्त मिळतो. सरकारी हमीची वस्तू स्वस्तात मिळते आहे, मग ती घ्यावी का, हा प्रश्न साहजिक आहे. पण त्याआधी ती स्वस्त का मिळते, हे समजून घ्यायला हवे. सूट कशाबद्दल मिळते हे कळल्याशिवाय तिचा फायदा कोणाला होईल, हे ठरवता येत नाही.

एक खरी मालिका समोर ठेवू. ऑगस्ट 2020मध्ये सोन्याचे भाव विक्रमी उंचीवर होते आणि त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने 2020-21ची पाचवी मालिका 5,334 रुपये ग्रॅम या दराने विक्रीला काढली. राष्ट्रीय शेअर बाजारात तिची ओळख SGBAUG28V अशी आहे, कारण तिची मुदत ऑगस्ट 2028मध्ये संपते. पुढे भाव उतरले आणि मार्च 2021मध्ये सरकारनेच नवी मालिका 4,662 रुपयांना विकली. ऑगस्टच्या मालिकेतल्या एखाद्याला त्या वेळी पैशांची गरज पडली असती, तर त्याची स्पर्धा थेट सरकारशी होती. सरकार चालू भावाने ताजा रोखा देत होते आणि ऑनलाइन अर्ज केल्यास ग्रॅममागे आणखी पन्नास रुपये सोडत होते. जुना रोखा विकायचा, तर त्याहून काही कमी किंमत लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ऑगस्टचा रोखा गुणाने कमी नव्हता. एसजीबीचे व्याज चालू भावावर नसते, पहिल्या विक्रीच्या दरावर असते. त्यामुळे ऑगस्टच्या रोख्याला वर्षाला सुमारे 133 रुपये मिळतात, मार्चच्या रोख्याला 117 रुपयांच्या आसपास. मुदतही ऑगस्टच्या रोख्याची आधी संपते. म्हणजे जुन्या रोख्यावरची सूट हमी कमकुवत असल्यामुळे किंवा व्याज कमी असल्यामुळे मिळत नव्हती. रोखा हवा तेव्हा परत देता येत नाही, या अडचणीची ती किंमत होती.

ही अडचण गोल्ड ईटीएफशी तुलना केली की स्पष्ट होते. ईटीएफचे युनिट बाजारात सोन्यापेक्षा बरेच स्वस्त झाले, तर मोठे व्यापारी ती युनिटे घाऊक घेतात, फंडाकडे परत करून त्या बदल्यात सोने किंवा त्याची किंमत घेतात आणि फरक खिशात टाकतात. या खरेदीनेच युनिटचा भाव वर येतो आणि तफावत फार काळ टिकत नाही. एसजीबीत असा मार्ग नाही. आठ वर्षांच्या मुदतीत पहिली पाच वर्षे रोखा सरकारकडे परत देता येत नाही. त्यानंतरही मुदतपूर्व परतफेड वर्षातून दोनदाच, व्याजाच्या तारखांना होते. मधल्या काळात ज्याला पैसे हवेत, त्याला दुसरा खरेदीदार शोधावाच लागतो.

आणि खरेदीदार तर थोडेच. हे रोखे निवासी भारतीय व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंबे, न्यास, विद्यापीठे आणि धर्मादाय संस्था यांनाच घेता येतात. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या किंवा परदेशी गुंतवणूकदार यांच्यासारखे मोठे खरेदीदार इथे येऊच शकत नाहीत. दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला अनिवासी भाचाही ते विकत घेऊ शकत नाही. व्यक्तीला वर्षाला चार किलोंची मर्यादा आहे आणि बाजारातून घेतलेले रोखेही तिच्यात मोजले जातात. शिवाय नोव्हेंबर 2015 ते फेब्रुवारी 2024 या काळात सरकारने एकूण 67 मालिका काढल्या. बाजारात प्रत्येक मालिका स्वतंत्र, तिचा भाव वेगळा आणि तिचे ग्राहकही वेगळे. थोडे खरेदीदार आणि तेही इतक्या मालिकांत विखुरलेले, त्यामुळे काही मालिकांत दिवसभरात मोजकेच व्यवहार होतात. घाईत विकणारा आला की भाव लगेच खाली सरकतो.

ही सूट कायमची नसते. फेब्रुवारी 2024नंतर सरकारने नवी मालिका काढली नाही, त्यात सोने महागत गेले. एसजीबी हवा असेल तर बाजाराशिवाय दुसरा मार्ग उरला नाही, म्हणून काही मालिका चक्क सोन्याच्या भावापेक्षा महाग विकल्या जाऊ लागल्या. जादा किंमत द्यायला लोक तयार होत, कारण मुदतीअखेर होणारा भांडवली नफा व्यक्तींसाठी करमुक्त होता आणि बाजारातून घेणारेही ती सवलत आपल्याला मिळेल असे धरून चालत. 2026च्या अर्थसंकल्पात या सवलतीची व्याप्ती कमी करण्याचा प्रस्ताव आला. त्यानुसार 1 एप्रिल 2026पासून ही करमुक्ती ज्याने रोखा पहिल्या विक्रीतच घेतला आणि मुदत संपेपर्यंत सलग स्वतःकडे ठेवला, त्यालाच मिळायची आहे. त्यामुळे बाजारातल्या खरेदीदाराने करमुक्ती गृहीत धरून हिशेब करू नये.

सूट मोजताना नेमक्या कोणत्या भावाशी तुलना करायची, इथे बहुतेक जण फसतात. परतफेडीची किंमत इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने जाहीर केलेल्या 999 शुद्धतेच्या सोन्याच्या बंद भावावर ठरते. आधीच्या तीन कामकाजी दिवसांची सरासरी घेतली जाते. त्या भावात तीन टक्के जीएसटी नसतो, सराफाच्या बिलात मात्र असतो. समजा, असोसिएशनचा भाव ग्रॅमला 15,000 रुपये आहे आणि SGBAUG28V बाजारात 14,250 रुपयांना मिळतो आहे. इथे सूट पाच टक्क्यांची आहे. पण कोणी पेढीवरच्या, कर धरून 15,450 रुपये झालेल्या भावाशी तुलना केली, तर त्याला ती जवळजवळ आठ टक्के वाटेल. यातला वरचा भाग निव्वळ भास आहे, कारण तो जीएसटी सरकार परतफेडीत देणार नाही.

दुसरी खबरदारी पडद्यावर दिसणाऱ्या भावाबाबत. शेवटच्या व्यवहाराचा भाव काही तासांपूर्वीचा, क्वचित आदल्या दिवसाचाही असू शकतो आणि सोने तेवढ्यात हललेले असते. म्हणून आत्ता विकायला बसलेला किती मागतो आणि त्या भावाला किती युनिटे उपलब्ध आहेत, ते पाहावे. ऑर्डर देताना नेहमी आपली कमाल किंमत ठरवून लिमिट ऑर्डरच द्यावी. व्यवहार विरळ असलेल्या मालिकेत मार्केट ऑर्डर दिली, तर एका क्षणात अख्खी सूट गमावून बसण्याची भीती असते.

आता हिशेब पुढे नेऊ. या मालिकेची पाच वर्षे ऑगस्ट 2025मध्ये पूर्ण झाली. व्याजाच्या तारखा 11 फेब्रुवारी आणि 11 ऑगस्ट. समजा, कोणी एप्रिलमध्ये 14,250 रुपयांना एक युनिट घेतले, खर्चाचे वीस रुपये धरले आणि ऑगस्टच्या तारखेला मुदतपूर्व परतफेडीचा अर्ज केला. सोन्याचा भाव तोवर 15,000 रुपयांवरच राहिला, तर नफा 730 रुपये. बारा महिन्यांच्या आतला हा नफा त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार करपात्र. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह सुमारे 228 रुपये कर जाऊन हातात साधारण 502 उरतात. सहा महिन्यांचे व्याज 67 रुपये, त्यातले कर जाऊन 46. एकूण सुमारे 548, म्हणजे चार महिन्यांत 3.8 टक्के. पाच टक्क्यांच्या सुटीतून प्रत्यक्षात एवढे हाती येते.

पण यात सोने जागेवर राहिले, असे धरले आहे. सोने पाच टक्के उतरले, तर सगळी सूट त्यातच संपते आणि हाती व्याजाशिवाय काही उरत नाही. दहा टक्के उतरले, तर युनिटमागे सुमारे 770 रुपयांचा तोटा. त्याच दिवशी 15,000च्या भावाने ईटीएफ घेणाऱ्याचा तोटा मात्र 1,500च्या आसपास झाला असता. म्हणजे सूट भाव पडण्यापासून वाचवत नाही, तोट्याचा पहिला भाग तेवढा उचलते. म्हणून ज्याला सोने घ्यायचेच आहे, त्याने ही सूट विचारात घ्यावी. केवळ सूट दिसली म्हणून सोने घेणाऱ्याने सोन्याच्या चढउताराचा धोका विसरू नये.

सूट तेवढीच असून तारीख दूर असली, तर चित्र पालटते. SGBFEB32IV ही फेब्रुवारी 2024मध्ये 6,263 रुपयांना निघालेली शेवटची मालिका. तिची मुदतपूर्व परतफेड फेब्रुवारी 2029आधी शक्य नाही. आज पाच टक्के सुटीने ती घेतली, तर ती सूट भरून निघण्याची खात्रीची पहिली तारीख तीच. दरम्यान विकावे लागले, तर पुढचा खरेदीदार पाचऐवजी आठ टक्के सूट मागणार नाही, याची हमी नाही. व्याजही आपण मोजलेल्या किमतीवर नसून मूळ 6,263 रुपयांवर, म्हणजे वर्षाला सुमारे 157 रुपये. 14,250 रुपयांच्या खरेदीवर ते जेमतेम 1.1 टक्का पडते. अडीच टक्के हा आकडा पहिल्या विक्रीत रोखा घेणाऱ्यासाठी खरा होता.

म्हणून सुटीच्या टक्क्यांपेक्षा आधी मालिकेची तारीख बघावी. रिझर्व्ह बँक मुदतपूर्व परतफेडीच्या तारखांचे आणि अर्ज करायच्या कालावधीचे वेळापत्रक जाहीर करते. डीमॅट खात्यात रोखा असेल, तर अर्ज आपल्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटमार्फत करावा लागतो. अर्ज वेळेत झाला नाही, तर पुढच्या व्याजाच्या तारखेपर्यंत आणखी सहा महिने थांबावे लागते.

विकू पाहणाऱ्यानेही हाच विचार करावा. दोन-तीन महिन्यांवर परतफेडीची तारीख असताना आजच सूट देऊन विकणे म्हणजे आपल्या हक्काची रक्कम दुसऱ्याला देणे. तेवढ्या काळाची गरज या रोख्यांवर कर्ज घेऊन भागत असेल, तर व्याज जास्त पडते की सूट, हे मांडून पाहावे. घेणाऱ्याने मात्र स्वतःला विचारावे: सरकार पूर्ण भाव देईल त्या तारखेपर्यंत हे पैसे मला लागणार नाहीत, असे खात्रीने सांगता येईल का? उत्तर होय असेल, तर सूट त्याच्या पदरात पडते. नाही असेल, तर आज ज्या अडचणीमुळे विकणारा सूट देतो आहे, तीच अडचण उद्या त्याच्यावर येईल.